सहानुभूतीचा दोन दिवसांचा कोर्स

ग्राहकसेवा विभागाचा ‘प्रशिक्षण गरज विश्लेषण अहवाल’ हाती पडला. निष्कर्ष असा, की टीममध्ये सहानुभूतीची कमतरता आहे. उपाय म्हणून दोन दिवसांचा कोर्स, चहा-बिस्किटांसह.

पुरावा म्हणजे परताव्याचे कॉल. ग्राहक आठवड्यात तीन-तीनदा फोन करतो आणि चिडून एक स्टार देतो. अहवाल लिहिणाऱ्याने तेच कॉल ऐकले असते, तर बरं झालं असतं. फोनवरची मुलगी तिन्ही वेळा गोड आवाजात सांगते, “48 तासांत पैसे येतील, सर.” तिला 200 रुपयांवरचा परतावा देण्याचा अधिकार नाही. पैसे अकाउंट्सवाल्यांकडे अडकलेत, आणि ते कुठे अडकलेत हे तिच्या स्क्रीनवर दिसतच नाही. शिवाय कॉल पाच मिनिटांत संपवायचाय. मग 48 तास नाही सांगणार तर काय?

प्रशिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी 1970 साली यावर एक साधी कसोटी दिली होती: जिवावर बेतलं तर माणूस ते काम करू शकेल का? करू शकत असेल, तर खोट कौशल्यात नाही, दुसरीकडे शोधा. इथे मुलगी गोड तर पिस्तुलाशिवायच बोलते. परतावा मात्र तिच्या हातातच नाही, कानशिलावर पिस्तूल ठेवलं तरी तो निघणार नाही; फार तर 48चे 24 तास होतील.

पण परताव्याची मर्यादा वाढवायची तर साहेबांची सही लागते. कोर्सला नुसती हजेरीची सही पुरते.