दारावर टकटक : नवशिक्यांसाठी भीती निर्माण करण्याची सोपी कृती

सर्वप्रथम आजीला घरात एकटी बसवा. भीती घालायची तर आधी शांतता लागते, आणि शांततेसाठी म, न, ण, ल, ळ, व ही अक्षरं मागवून ठेवा. ती उच्चारताना हवा कुठे ना कुठे वाहत राहते, म्हणून आवाज तुटत नाही. सोबत लांब आ, ई द्या. वाचणाऱ्याची गती आपोआप मंदावते.

‘समई मंद तेवत होती. आजी माळेचे मणी ओढीत रामाचं नाव घेत होती. मांजर मऊ उशीला बिलगलं होतं.’

चाणाक्ष विद्यार्थी इथे हात वर करील : ‘ओढीत’मधला ढ कसा चालला? अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटानेही ‘काव्यप्रकाशा’त माधुर्याच्या दारातून टवर्गाला हाकलून दिलं आहे, फक्त ण-ला तेवढं आत घेतलं आहे. पण मराठीत दोन स्वरांमधला ड किंवा ढ जिभेच्या ओझरत्या फटक्याने निघतो, त्यामुळे त्याची धार जाते. ‘गोडी’ म्हणून पाहा, मग ‘डाव’ म्हणा.

आता दार वाजवा. क, ट, ठ, थ, प यांत हवा आधी पूर्ण अडते आणि मग फुटते. ऐकणाऱ्याचा श्वासही जरा अडकतो, आपलं काम तिथेच होतं.

‘कडी खटकली. कुत्रं थबकलं. पुन्हा टकटक. काठी टेकीत आजी उठली.’

वाक्यं तोकडी ठेवा; लांबलचक वाक्यात ट कितीही पेरले तरी ते विरून जातात. शिवाय मोजणी कानाने करा. ‘झटकन’मध्ये कागदावर एकही जोडाक्षर नाही, पण आपण म्हणतो ‘झट्कन्’. ट क-वर आदळतो आणि शब्द न-वर बंद होतो. हा आघात लिखाणात दिसत नाही, म्हणून मनातल्या मनात वाचणारे हमखास फसतात.

उत्साहाच्या भरात ‘कपटी काळ्या कुट्ट काळोखात कुणी कडी काढली’ असं लिहाल, तर आजी घाबरणार नाही, हसेल. चौथ्या क-पासून वाचक क मोजायला लागतो, दाराकडे त्याचं लक्षच राहत नाही. पहिल्या अक्षरांची रांग लावण्यापेक्षा तोच आवाज शब्दांच्या पोटात लपवावा, जसा ‘खटकली’त ट आहे.

आणि अक्षरांवर फार विसंबू नका. ‘मारामारी’त म, र आणि लांब स्वरांखेरीज काही नाही, ‘मळमळ’ तर नुसती म आणि ळ. तरी दोन्हींनी कुणाला शांत वाटल्याचं ऐकिवात नाही. अर्थापुढे आवाजाचं चालत नाही. तो अर्थाला फार तर जोर देतो.

शेवटी उतारा शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. ‘वा, काय अनुप्रास!’ म्हणाला, तर निम्मे ट कापा. ‘मग? दाराशी कोण होतं?’ असं विचारलं, तर एका अक्षरालाही हात लावू नका.