काठाचा हट्ट

जुन्या साडीचा ड्रेस शिवताना आजी आणि नातीत जे वाजतं, त्याला घरातले लोक पिढ्यांमधलं अंतर म्हणतात. माझ्या मते पिढ्या बिचाऱ्या उगाच बदनाम होतात. हे भांडण सरळ रेषेचं आणि वर्तुळाचं आहे. समजा, कॉलेजच्या फेअरवेलसाठी नातीला आजीच्या रेशमी काठपदराच्या साडीतून अंब्रेला घेराचा ड्रेस हवा आहे. आजी मोबाइल हातभर लांब धरून फोटो न्याहाळते आणि विचारते, "घेर गोल कापलास, तर काठ कुठं जाईल गं?" नातीला हा टोमणा वाटतो. पण काठ साडीच्या लांबीला सरळ विणलेला असतो आणि अंब्रेलाची कड गोल असते. रुंद काठ कापून त्या गोलाईवर बसवला, की त्याच्या वरच्या अंगाला कापड जास्त होतं आणि मुरड पडते. त्यापेक्षा साडी आडवी धरावी, काठ खाली ठेवावा आणि कमरेला चुण्या घालाव्यात. पन्हा साधारण 45 इंच असतो. 40 इंच उंचीचा घेर काढला तर वरच्या काठाची पट्टी आपोआप सुटते आणि बाह्यांना लागते. पदर छातीवर येतो, अर्थात पिनांची भोकं चुकवून.

घेराला तीनेक मीटर पुरतात आणि साडी साडेपाच मीटरची, म्हणजे चंगळच, असं नातीला वाटतं. इथं आजी साडी खिडकीशी नेते. घडीच्या रेघेतून उजेड आरपार दिसतो. त्या रेघेच्या दोन बाजूंना अंगठे ठेवून ती हलकेच ताण देते, आणि 'चर्र' असा आवाज आला की तेवढा भाग बाद. कमरेला खोचून खोचून झिजलेली कडही बाद. नेसताना पहिल्या वेढ्यात आत जाणारं टोक मात्र बहुधा नव्यासारखं निघतं, कारण त्यानं ऊन कधी पाहिलेलंच नसतं.

"कापायची कशाला, नेसावी की!" असं म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. साडी धडधाकट असेल, त्यातून हातमागाची पैठणी असेल, तर काकांचं ऐकावं आणि कात्री लपवून ठेवावी. पण विरलेली साडी नेसताना विरलेला भागही नेसावाच लागतो. ड्रेसमध्ये तो वगळता येतो. शिलाईच्या पैशात नवा ड्रेस येईल, हा आक्षेप बहुतेक खराच आहे, त्यामुळे आजीला तो ऐकू येत नाही. खरी लढाई मापाची. नातीला अंगाबरोबर घट्ट हवं असतं, पण जुनं रेशीम शिवणीवर उसवत नाही, शिवणीच्या शेजारी फाटतं, आणि तेही नेमकं नाचताना हात वर केल्यावर. म्हणून आत सुती अस्तर लावायचं, तेही रेशमापेक्षा किंचित कमी मापाचं, म्हणजे ताण अस्तरावर जातो. यावर नात दोन दिवस रुसते. तिची शेवटची मागणी खिशाची. ती आजी तत्काळ मंजूर करते, कारण खिसा अस्तराच्या कापडाचा करून कमरपट्टीला टाचला, की मोबाइलचं ओझं रेशमावर येत नाही.