सज्ञानपणाचे प्रतिज्ञापत्र

सावकाराची दृष्टी घराच्या चतुःसीमा, भिंतींची जाडी आणि वारसांची भांडणे दुरूनच हेरते. मात्र ऋणकोचे वय पाहण्याचा प्रसंग आला की तिला एकाएकी मोतीबिंदू होतो. कलकत्त्याचे सावकार ब्रह्मो दत्त यांच्याकडे 1895च्या जुलै महिन्यात धर्मदास घोष या युवकाने 20,000 रुपयांच्या कर्जापोटी, दरसाल दरशेकडा 12 व्याजाने, आपली घरे गहाण टाकली. पालक न्यायालयाने नेमलेला असल्यामुळे त्या काळच्या कायद्यानुसार धर्मदास एकविसाव्या वर्षापर्यंत अज्ञानच होता. आणि मुलगा अज्ञान आहे, कर्ज द्याल ते आपल्या जोखमीवर, अशी लेखी सूचना त्याच्या मातोश्रींच्या वकिलाने दत्तांच्या वकिलास अगोदरच धाडली होती. त्यावर या कायदेपंडिताने योजलेला उतारा असा, की मुलाकडूनच ‘मी सज्ञान झालो’ असे ऐसपैस प्रतिज्ञापत्र सही करून घ्यावे!

पुढे मुलाने, मातोश्रींच्या मार्फत, गहाणखत रद्द करण्याचा दावा लावला. दत्तांच्या पश्चात त्यांच्या बाजूने मोहरी बीबी यांनी हा कज्जा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला आणि 1903मध्ये निकाल विरुद्ध लागला. 1872च्या करार कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे अज्ञानास करार करण्याची पात्रताच नाही. तेव्हा त्याचा करार पुढे कोणी मोडावा असाही नसून मुळातच शून्य. दिलेला पैसा तरी परत मिळावा, तर परतफेडीची तरतूद पात्र पक्षांच्या करारासाठी आहे, असे उत्तर मिळाले. मुलाने खोटे वय सांगून फसविले म्हणावे, तर ज्याला सत्य ठाऊक आहे तो फसतो कसा? (1963च्या कायद्याने मात्र, मुलाला किंवा त्याच्या मिळकतीला प्रत्यक्ष लाभ झाला असेल तेवढ्यापुरती परतफेड करविण्याची मुभा न्यायालयास दिली आहे.)

हे ऐकून चतुर धनको म्हणतो, मग बापाचीच सही घेऊ. हिंदूंपुरते बोलायचे तर 1956च्या कायद्याने नैसर्गिक पालकास मुलाच्या गरजेची व हिताची कृत्ये करण्याचा अखत्यार दिला आहे खरा; परंतु आपल्या वचनाने मुलास व्यक्तिशः बांधून टाकण्याचा नव्हे, आणि मुलाची स्थावर मिळकत विकण्यास किंवा गहाण ठेवण्यास न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. ही परवानगी गरज वा उघड हित दिसल्यावाचून मिळत नाही. बापाची जुगाराची देणी या दोहोंत बसत नाहीत. परवानगीविना केलेला विक्रीव्यवहार मात्र शून्य ठरत नाही. मुलाला तो मोडून घेता येतो, आणि त्यासाठी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. असा वाडा घेणाऱ्याने रंगरंगोटीचा खर्च तूर्त बेतानेच करावा आणि विकणाऱ्याच्या चिरंजीवांच्या वाढदिवसांची नोंद आपल्या पंचांगात ठेवावी.