छत्तीस अ म्हणजे गट नंबर नव्हे

आमच्या एका मित्राला वयाच्या बावन्नाव्या वर्षी शेतीची ओढ लागली. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला ही ओढ शहापूर, मुरबाड किंवा कर्जतच्या बाजूलाच का लागते, बीड-लातूरकडे कधीच का लागत नाही, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. मैत्री टिकवायची तर काही प्रश्न गिळावे लागतात.

जमीन एक एकर, मागे डोंगर, पुढे ओहोळ. शेजारच्या तुकड्याचा भाव चाळीस लाख आणि हिचा बारा. एवढी स्वस्त कशी, असं विचारल्यावर एजंट म्हणाला, "साहेब, मालक अडचणीत आहे." मालक अडचणीत आहे हे खरंच होतं. पण अठ्ठावीस लाखांची सूट त्या अडचणीची नव्हती.

सातबारा माझ्यापुढे ठेवून मित्र म्हणाला, "बघ, भोगवटादार वर्ग एक! एकदम क्लीन." शहरी माणसाचा सातबारा तिथेच संपतो. वर्ग दोन दिसला की तो दचकतो, वर्ग एक दिसला की पेढे आणतो. मी इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात '36 अ' लिहिलेलं होतं. त्याने ते एजंटला विचारलंही होतं. एजंटने सांगितलं होतं, "तो जुना गट नंबर आहे."

तो गट नंबर नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मधलं ते कलम आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची असो, गहाण ठेवायची असो, बक्षीस द्यायची असो, अदलाबदल असो की भाडेपट्टा, आधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी, असं ते सांगतं. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांवर भागतं. विक्रीला मात्र त्यांना आधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते, म्हणजे फाइल मंत्रालयापर्यंत जाते. हे बंधन सातबाऱ्यावरच्या वर्गामुळे येत नाही, खातेदार अनुसूचित जमातीचा असल्यामुळे येतं. म्हणून वर्ग एकचे पेढे वाया जातात. कधी कधी तर '36 अ' हा शेराही लिहायचा राहून गेलेला असतो. तेव्हा जुने फेरफार काढावेत आणि वारसनोंदी मागे मागे वाचत जावं. शेरा पुसला गेला म्हणून जमात पुसली जात नाही.

मित्र शहाणपणाने म्हणाला, "मग मालकाला सांगतो, परवानगी आण म्हणून." इथे बहुतेकांची गाडी घसरते. या कलमाखाली अर्ज घेणाऱ्याने, म्हणजे बिगर-आदिवासीने करायचा असतो. जो मालक तालुक्याच्या कचेरीत तीन खेपांत उत्पन्नाचा दाखला मिळवतो, त्याने मंत्रालयातून मान्यता आणावी, अशी अपेक्षा कायद्याचीही नाही. ती फक्त खरेदीदाराची असते.

आणि अर्ज केला तरी खरी खीळ पुढेच आहे. त्या गावात किंवा गावापासून पाच किलोमीटरच्या आत राहणारा एकही आदिवासी ही जमीन घ्यायला तयार नाही, याची जिल्हाधिकाऱ्यांना खात्री पटली पाहिजे. तशी खात्री पटल्याशिवाय त्यांना मंजुरी देताच येत नाही. आता शहापूर तालुक्यात नकाशावर पाच किलोमीटरचं वर्तुळ काढा. आत पाडेच पाडे. त्यांतला एकही कुटुंबप्रमुख आपल्या बांधाशेजारचं एकर घ्यायला तयार नाही, हे सिद्ध करायचं आहे. बारा लाखांत कदाचित कुणी तयार होणारही नाही. पण मग बारा लाख ही किंमत ठरवली कुणी, असा प्रश्न उठतो. चौकशीत तो उठावा, हाच तर अटीचा हेतू.

एजंटकडे अर्थात उपाय होते. एजंटकडे उपाय नाहीत असं पृथ्वीवर कधी घडलेलं नाही. पहिला उपाय पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं साठेखत आणि सोबत कुलमुखत्यारपत्र. "ताबा आज घ्या, खरेदीखत परवानगी आल्यावर." परवानगी मागितलेलीच नाही, ती येणार कुठून? शिवाय कलमातल्या व्यवहारांच्या यादीचे शेवटचे शब्द 'किंवा अन्यथा' असे आहेत. कागदाला काय नाव दिलं यावर चौकशी थांबत नाही. जमीन खरोखर कुणाच्या हाती गेली, हे ती बघते.

दुसरा उपाय जास्त रंगतदार. "तुमच्या ड्रायव्हरच्या नावावर घेऊ, तो आदिवासीच आहे." एक तर आदिवासीने आदिवासीची जमीन घ्यायची तरी कलम 36 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागतेच. दुसरं म्हणजे हा बेनामी व्यवहार. उद्या ड्रायव्हर म्हणाला की जमीन माझी, तर मित्राला ती परत मागण्याचा दावाही लावता येणार नाही. बेनामी कायद्यात एक ते सात वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे, ती वेगळीच. बावन्नाव्या वर्षी शेतीची हौस असणाऱ्याला तिथेही मोकळ्या हवेत काम मिळेल म्हणा.

मग एजंटने दुसरा तुकडा दाखवला. सरकारने भूमिहीनाला दिलेली, नवीन शर्तीची जमीन. गावात तिला नुसतं 'शर्तीची' म्हणतात. ही खरोखर वर्ग दोन. तीही परवानगीशिवाय विकता येत नाही, विकली तर शर्तभंग आणि जमीन सरकारजमा. पण तिथे सरकार निदान आकडा सांगतं, त्याला नजराणा म्हणतात. वतनाची जमीन शेतीसाठी विकताना तो बाजारभावाच्या निम्मा असतो. छत्तीस अ मध्ये असा भरून सुटायचा आकडा नाही. आणि वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा असेल, तर परवानगीचा प्रश्नच मिटतो. तो वारसाला जातो, पण विकता येत नाही. कुणीही, कुणाच्याही सहीने. त्या पट्ट्यावर 'एनओसी काढून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर चहाचे पैसेसुद्धा त्यालाच द्यायला लावा.

बेकायदा व्यवहार उघडा पडला तर काय होतं, तेही मित्राला सांगितलं. जिल्हाधिकारी चौकशी करतात, व्यवहार अवैध ठरवतात, जमीन उभ्या पिकासह आणि सगळ्या बोजांतून मोकळी होऊन सरकारकडे येते, आणि मग मूळ आदिवासी मालकाला विचारलं जातं की तुला परत हवी का. बारा लाख रोख मोजल्याची पावती कुठे आहे, हे त्या चौकशीत कुणी विचारत नाही. मागचेही व्यवहार कायद्याने सोडले नाहीत. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी 1974 चा वेगळा कायदा झाला आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

मित्राने सगळं शांतपणे ऐकलं आणि पुढच्या रविवारी पहिल्याच तुकड्याचं साठेखत केलं. "सगळेच करतात रे." आता तिथे तारेचं कुंपण आहे, पत्र्याची शेड आहे, आणि हापूसची चाळीस कलमं लावली आहेत. पाच-सहा वर्षांत आंबे लागतील म्हणतो, या सगळे खायला.

व्यवहार उघडण्यासाठीची कायद्यातली मुदत 6 जुलै 2004 पासून तीस वर्षांची आहे. म्हणजे 2034 च्या जुलैपर्यंत. अर्ज मालकानेच केला पाहिजे असं नाही, त्याच्या मुलांनी केला तरी चालतो. धाकटा यंदा बारावीला आहे.