शुभेच्छुकांच्या गर्दीत साहेब कोणते?

अलिबागच्या एसटी स्टँडबाहेर मान वर केली की बारा महिने कोणाचा ना कोणाचा वाढदिवस चालू असतो. फ्लेक्सच्या मधोमध साहेब, वरच्या पट्टीत पक्षाचे श्रेष्ठी, खाली शुभेच्छुकांच्या दोन ओळी आणि त्यातले निम्मे गॉगल लावून. नाव मात्र ठळक अक्षरांत एकट्या साहेबांचं. त्या फ्लेक्सचा फोटो संध्याकाळपर्यंत फेसबुकवर चढतो, दुसऱ्या दिवशी एखाद्या बातमीच्या संकेतस्थळावर जातो, आणि तिथून पुढे त्याचं काय होतं याची शुभेच्छुकांना कल्पना नसते. मोबाइलला चेहरे ओळखायला शिकवणाऱ्या शाळेत तो क्रमिक पुस्तक म्हणून लागू शकतो.

ही शाळा कशी चालते ते आधी पाहू. चेहरा ओळखणारी प्रणाली शिकवायची तर एकेका माणसाचे पुष्कळ फोटो लागतात आणि प्रत्येक फोटोवर ‘हा अमुक’ अशी चिठ्ठी लागते. लाखो माणसांना बोलावून, परवानगी घेऊन फोटो काढणं खर्चाचं, त्यामुळे मंडळींनी सोपी वाट काढली. प्रसिद्ध नावांची यादी घ्यायची, एकेक नाव इंटरनेटवर शोधायचं, जे फोटो वर येतील ते उचलायचे आणि शोधलेलं नाव त्यांना चिकटवून टाकायचं. मायक्रोसॉफ्टने 2016 साली असाच एक संग्रह केला. एक लाख माणसं, सुमारे एक कोटी फोटो. ज्यांचे फोटो घेतले त्यांना कोणी विचारलं नाही. 2019 साली वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर कंपनीने संग्रह मागे घेतला, पण तोवर त्याच्या प्रती जगभर पोचल्या होत्या.

आता आपला फ्लेक्स या गिरणीत घालून पाहा. कार्यक्रमाला साहेबांचं नाव ठाऊक आहे, चेहरा ठाऊक नाही. चेहरा ठाऊक नाही म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. तो फ्लेक्सवरचे सगळे चेहरे कापून काढतो. काम निष्काळजी असेल तर सगळ्यांवरच साहेबांचं नाव लागतं. थोडी काळजी घेतली असेल तर सगळ्यांत मोठा चेहरा निवडला जातो. रायगड जिल्ह्यात सगळ्यांत मोठा चेहरा साहेबांचा असेलच असं सांगता येत नाही. कधी तो दिल्लीतल्या श्रेष्ठींचा असतो, तर कधी ज्याने छपाईचे पैसे दिले त्याचा.

ही नुसती थट्टा नाही. 2018 साली काही संशोधकांनी त्या कोटीभर फोटोंतले नमुने माणसं बसवून तपासले, तेव्हा जवळजवळ निम्म्या चिठ्ठ्या चुकीच्या निघाल्या. चुका दोन जातींच्या होत्या. एकीत नावाखाली भलताच ऐवज येतो: यादीत नसलेला कोणी तरी इसम, किंवा चेहराच नसलेलं चित्र. दुसरीत यादीतल्याच एका माणसाच्या फोटोवर यादीतल्याच दुसऱ्याचं नाव पडतं. पहिली चूक यंत्र बऱ्यापैकी पचवतं, दुसरी मात्र फार बाधते असं त्यांना आढळलं. कारण यंत्राचा अभ्यास एकाच नियमावर चालतो. एका नावाचे चेहरे जवळ आणायचे, वेगळ्या नावांचे दूर ढकलायचे. आपल्याकडे एका तालुक्यात एकाच नावाचे तीन पाटील असतात, तिघेही राजकारणात आणि दोघे एकाच पक्षात. इंटरनेटवर नाव शोधलं की तिघे एका पोत्यात येतात. मग यंत्र इमानदारीने शिकतं की हे तीन चेहरे म्हणजे एकच माणूस. उलट एकाच पाटलांचं नाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहिलं गेलं की एका माणसाची दोन माणसं होतात आणि यंत्र त्यांना एकमेकांपासून दूर ढकलत राहतं.

कोणी म्हणेल, निम्म्या चुका सगळ्यांच्याच वाट्याला आल्या असतील, मग पक्षपात कुठे? पक्षपात असा, की हॉलिवूडच्या नटाचं नाव टाकलं तर शेकडो फोटो येतात आणि बहुतेक त्याचेच असतात. शंभरातले दहा फोटो चुकले तरी नव्वद फोटो खरं सांगायला उरतात. ज्याचे इंटरनेटवर चारच फोटो आहेत, त्याच्या नावाखाली उरलेली जागा परकी माणसं भरून काढतात. शिवाय त्या संग्रहात भारतीय चेहरे होते किती? 2019 साली चिनी संशोधकांनी मोजले, तेव्हा शंभरात तीनही भरले नाहीत. गोरे शहात्तर होते. आणि हे तिनाच्या आतले भारतीयसुद्धा प्रसिद्ध माणसांच्या यादीतले, म्हणजे मुख्यतः नट-नट्या, क्रिकेटपटू, पुढारी. यंत्राने भारत पाहिला तो प्रकाशझोतात, मेकअप करून. रेवदंड्याच्या बंदरात उन्हाने रापलेली, डोक्यावर पाटी घेतलेली बाई त्या यादीत येण्याचं कारणच नव्हतं.

थोडे चेहरे पाहून शिकलेल्या यंत्राला त्या गटातली माणसं एकमेकांपासून नीट वेगळी करता येत नाहीत. गोऱ्यांच्या बाबतीत ते नाकाच्या शेंड्यापर्यंत बारकावे शिकलेलं असतं, आपल्या बाबतीत ‘सगळे सारखेच दिसतात’ या पायरीवर थांबलेलं असतं. अमेरिकेतल्या मानक संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, डिसेंबर 2019 मध्ये जवळपास दोनशे प्रणाली तपासल्या. दोन अनोळखी माणसांना एकच ठरवण्याची चूक पूर्व युरोपातल्या चेहऱ्यांत सर्वांत कमी, आफ्रिका आणि पूर्व आशियातल्या चेहऱ्यांत बऱ्याच प्रणालींमध्ये दहा ते शंभर पट. दक्षिण आशियाई चेहऱ्यांतही ती वाढलेली होती. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, म्हाताऱ्यांत आणि मुलांत आणखी जास्त. चीनमध्ये बनलेल्या अनेक प्रणाली मात्र पूर्व आशियाई चेहऱ्यांवर फारशा चुकत नव्हत्या. तेव्हा दोष चेहऱ्याच्या ठेवणीला देता येत नाही, चौकशी पाठ्यपुस्तकाचीच करावी लागते.

भारतीय चेहऱ्यांवरची परीक्षाही झाली आहे. 2021 साली गौरव जैन आणि स्मृती पारशीरा यांनी त्यासाठी निवडणुकीच्या उमेदवारांचे बत्तीस हजारांवर फोटो घेतले. फोटो सार्वजनिक आणि लिंग-वय उमेदवाराने स्वतः लिहून दिलेलं, म्हणजे चिठ्ठी आयती. एका नामांकित कंपनीच्या प्रणालीला हजाराहून जास्त फोटोंत चेहराच सापडला नाही. मतदारांना बिनचेहऱ्याचे उमेदवार ठाऊक असतात, पण त्याचा असा तांत्रिक पुरावा पहिल्यांदाच मिळाला. बायकांना पुरुष ठरवण्याची चूक एका प्रणालीत पंधरा टक्क्यांच्या घरात गेली. वयात दहा वर्षं इकडे-तिकडे माफ केली तरी चौदा ते बेचाळीस टक्के अंदाज फसले. पुढाऱ्यांनी लिहिलेलं वय हेच प्रमाण मानलं होतं, हे प्रणालींच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

आता मुरूडकडची एखादी अंगणवाडी घ्या. 1 जुलै 2025 पासून पोषण ट्रॅकर ॲपात घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची झाली. आधी आधारवरून नोंदणी, मग दर खेपेला सेविकेने मोबाइल धरायचा, गरोदर बाईने किंवा बाळाच्या आईने डोळे मिचकावायचे, आणि चेहरा जुळला तर पाकीट. पाकिटावर आत काय आहे, वजन किती, कधी भरलं, हे सगळं छापावं लागतं. ॲप कोणत्या चेहऱ्यांवर वाढलं, त्यांतल्या चिठ्ठ्या किती खऱ्या, हे छापायची सक्ती कोणावर नाही.

समजा चेहरा जुळला नाही. बाई म्हणते, “अगो ताई, मी मीच हाय!” ताईला ते माहीत असतं, बाईच्या लग्नात ती जेवलेली असते. पण ताईचं मत ॲपात भरायला रकाना नाही. इथे मात्र लगेच पक्षपाताच्या नावाने बोंब मारू नये. न जुळण्यामागे आधी रेंज, स्वस्त मोबाइलचा कॅमेरा आणि पाठीमागून येणारा उजेड यांची चौकशी करावी. फोटो नीट असले तर या जातीची चूक गटागटांत तेवढी बदलत नाही, हेही निस्टनेच सांगितलं आहे. आपल्या पाठ्यपुस्तकाचा दोष जास्त करून उलट्या चुकीत दिसतो: एकीचा चेहरा दुसरीला लागू पडतो. जावेच्या जागी जाऊ उभी राहिली आणि ॲप हिरवं झालं, तर तक्रार कोण करणार? दोघी खूश, ताईची सुटका झालेली, तालुक्याचा अहवाल शंभर टक्के.

हीच चूक पोलिसांच्या संगणकात गेली की कोणी खूश राहत नाही. दिल्ली पोलिसांनी 2022 साली माहिती अधिकारात सांगितलं की ऐंशी टक्क्यांवरचं साम्य ते जुळलेलं धरतात. हा ऐंशीचा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा वाटतो, पण तसा तो नसतो. ज्या गटात यंत्राला सगळे सारखे दिसतात, तिथे अनोळखी माणसंही ऐंशीच्या आसपास सहज पोचतात. एकच उंबरठा सगळ्यांना लावला की एका गटाला तो उंच आणि दुसऱ्याला जमिनीलगत.

यंत्र विकणारा ‘नव्व्याण्णव टक्के अचूक’ म्हणतो तेव्हा त्याला प्रश्नपत्रिका मागावी. बरीच वर्षं चाललेली प्रसिद्ध प्रश्नपत्रिका 2007 सालची होती, बातम्यांतल्या तेरा हजार फोटोंची. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पुरुष आणि एकट्या जॉर्ज बुश यांचे 530 फोटो. त्या परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी बुश साहेबांना अंधारातही ओळखेल. आपल्या कामाची परीक्षा वेगळी. एकाच गावच्या, एकाच वयाच्या अनोळखी बायकांच्या हजारो जोड्या लावायच्या, आणि ठरलेल्या उंबरठ्यावर किती जोड्या ‘एकच’ निघतात ते मोजायचं. विक्रेते सहसा थळची तरुणी आणि लुधियानाचे आजोबा अशीही जोडी लावतात. यंत्र दोघांना वेगळं सांगतं आणि टक्केवारी फुगते.

चिठ्ठ्या नीट करायचा उपाय माहीतच नाही असंही नाही. लंडनच्या एका गटाने 2019 साली आपला संग्रह साफ करताना ज्या वंशाचे चेहरे त्याच वंशाची माणसं तपासायला बसवली, कारण परक्याला संशयाचे फोटो सोडवता येत नाहीत. 2018 च्या त्या तपासणीतही निम्मी घाण असलेला अख्खा ढीग एका बाजूला आणि निवडून साफ केलेला जेमतेम पाचवा हिस्सा दुसऱ्या बाजूला ठेवला, तेव्हा शिकवणी दोन्हींवर जवळपास सारखी झाली.

हे वाचून मला कोळीवाड्यातल्या एक आजी आठवल्या. जेट्टीवर लाँचमधून उतरणाऱ्या, आजवर न पाहिलेल्या पोराकडे बघून त्या सांगतात की हा अमक्याचा नातू, नाक आईकडचं. चुलत भाऊ, जावा, जुळे, सगळं त्या क्षणात वेगळं करतात. चिठ्ठ्या तपासायचं काम सरकारने काढलंच, तर त्यांच्यासारखी योग्य व्यक्ती किनाऱ्यावर मिळणार नाही. अडचण एवढीच, की निविदेत गेल्या तीन वर्षांची वार्षिक उलाढाल किमान पन्नास कोटी लागेल, आणि अर्जासोबत चेहरा पडताळणी. आजींचा चेहरा आधारशी जुळत नाही.