‘मला लक्षात ठेवा’: चुकांचा योग्य क्रम, नवशिक्यांसाठी

लॉगिनच्या पानावर पासवर्डच्या खाली एक छोटा चौकोन असतो आणि शेजारी लिहिलेलं असतं, ‘मला लक्षात ठेवा’. तो चौकोन दाखवायला एचटीएमएलची एक ओळ पुरते. त्याच्यामागचं काम नीट व्हायला मला दोन वर्षं लागली, कारण मी चुका भलत्याच क्रमाने केल्या. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये, म्हणून त्या कोणत्या क्रमाने कराव्यात ते सांगतो.

आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची वेबसाइट मी लिहिली आहे. बिलं, पावत्या, पाणी बंद असल्याच्या नोटिसा, एवढाच पसारा. सेशन अर्ध्या तासात संपायचं आणि साइट पुन्हा पासवर्ड मागायची. सेक्रेटरी काका एकदा जिन्यात अडवून म्हणाले, “अरे, वॉचमन मला रोज नाव विचारत नाही. तुझी साइट का विचारते?” प्रश्न बिनतोड होता. कामाला लागलो.

पायरी पहिली: कुकीत माणसाचा नंबर लिहून टाका. `user=42` अशी कुकी द्यायची, ब्राउझर ती दर वेळी परत आणून देतो, आपण ४२ नंबरच्या सभासदाला आत घ्यायचं. हे फारच उघडंवाघडं वाटलं, तर बेस६४ करा. बेस६४ हे कुलूप नाही, ती फक्त निराळी लिपी आहे. तिजोरीचा नंबर मोडीत लिहून दारावर चिकटवावा, तसला प्रकार. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोराने ४२ च्या जागी १ लिहिला आणि तो खजिनदार झाला. त्याने काही बिघडवलं नाही, फक्त स्वतःच्या वडिलांची थकबाकी वाचून आला.

पायरी दुसरी: कुकीवर सही करा. सभासदाचा नंबर, मुदतीची तारीख आणि सर्व्हरकडच्या गुप्त किल्लीने काढलेली सही. आता ४२ चा १ केला की सही जुळत नाही. ही चूक पहिलीपेक्षा पुष्कळ प्रतिष्ठित आहे. जावावाल्यांच्या स्प्रिंग सिक्युरिटीतली साधी ‘रिमेंबर मी’ सोय याच घराण्यातली, आणि तिची ठरलेली मुदत १४ दिवसांची असते. अडचण अशी की वाटलेल्या कुकींची नोंद सर्व्हरकडे कुठेच नसते, त्यामुळे नेमकी एखादीच रद्द करता येत नाही. शिवाय कुकी तयार करायची रीत आणि त्यातली गुपितं बाहेर गेली, की बाहेरचा माणूस घरबसल्या हव्या त्या सभासदाची कुकी पाडू शकतो. याहूचं असंच झालं. घुसखोरांनी कंपनीचा कोड पाहून कुकी कशी बनते ते शिकून घेतलं, असं कंपनीनेच २०१६ च्या डिसेंबरात सांगितलं. पुढच्या वर्षी तिने आकडाही दिला: अशा बनावट कुकींचा संबंध सुमारे ३ कोटी २० लाख खात्यांशी होता. आत शिरायला पासवर्ड लागलाच नाही.

पायरी तिसरी: हिशोब सोडा आणि देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडकडे पाहा. तिथला माणूस तुमचं नाव विचारत नाही. तो टोकन देतो आणि त्याच नंबरच्या खणात चपला ठेवतो. टोकनात तुमच्याविषयी काहीच लिहिलेलं नसतं, त्याचा अर्थ फक्त त्याच्या फळीवर असतो. कुकीत तसंच एक निरर्थक यादृच्छिक टोकन ठेवायचं आणि ते कोणाचं, कधीपर्यंत चालेल, हे डेटाबेसच्या टेबलात. रद्द करायचं असेल तर ओळ पुसली की झालं. टोकन निदान १२८ बिटांचं हवं आणि ते क्रिप्टोग्राफीसाठी बनवलेल्या जनरेटरमधून यायला हवं, फाशांच्या खेळासाठी असतो त्या `rand()` मधून नव्हे. टेबलात टोकन जसंच्या तसं न ठेवता त्याचा एसएचए-२५६ हॅश ठेवा, म्हणजे डेटाबेस फुटला तरी चोराच्या हाती चालणारं टोकन लागत नाही. पासवर्डसाठी वापरतात तो मुद्दाम संथ केलेला हॅश इथे लागत नाही, कारण १२८ यादृच्छिक बिट कोणी अंदाजाने ओळखत नसतं.

२००४ मध्ये चार्ल्स मिलर यांनी यात एक नियम घातला: टोकन एकदाच चालेल. सेशन संपल्यावर माणूस टोकन घेऊन आला की त्याला आत घ्या, जुनं टोकन मोडीत काढा आणि हातात नवं द्या. ऐकायला पक्कं वाटतं. पण समजा, काकांच्या लॅपटॉपमधली कुकी सोमवारी कोणी उचलली आणि रात्री वापरली. टोकन बदललं आणि नवं चोराकडे गेलं. बुधवारी काका आले, तर त्यांचं जुनं टोकन टेबलात नाही. साइट मुकाट्याने लॉगिनचं पान दाखवते. काका “परत विसरली वाटतं” असं पुटपुटत पासवर्ड टाकतात. चोर आत आहे आणि कोणालाही पत्ता नाही.

पायरी चौथी ही माझी आवडती चूक. बॅरी जॅस्पन यांनी २००६ मध्ये टोकनाला जोडीदार दिला: मालिका क्रमांक. एका ब्राउझरवरच्या एका लॉगिनला एक मालिका, ती शेवटपर्यंत तीच राहते. तिच्यातलं टोकन तेवढं दर वेळी बदलतं. आता सोमवारचीच चोरी पुन्हा पाहा. चोर रात्री मालिका ‘म’ आणि टोकन ‘ट१’ घेऊन येतो. दोन्ही जुळतात, त्याला ‘ट२’ मिळतं. बुधवारी काका ‘म’ आणि ‘ट१’ घेऊन येतात. टेबलात ‘म’ आहे, पण तिच्यासमोर ‘ट२’ लिहिलेलं आहे. याचा अर्थ एकाच मालिकेचं टोकन दोघांच्या हातात आहे. काका आधी आणि चोर नंतर आला असता, तरी दुसऱ्याच्या वेळी घंटा वाजलीच असती. दोघांपैकी चोर कोण हे सर्व्हरला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. दोघांनाही बाहेर काढा, त्या सभासदाच्या सगळ्या मालिका पुसा आणि पासवर्ड मागा. पासवर्ड फक्त काकांकडे आहे.

इथे मी एक पोटचूक केली, तीही करून ठेवा. मी मालिका पुसल्या, पण चोराचं चालू सेशन तसंच ठेवलं. लक्षात ठेवण्याची कुकी फक्त दार उघडते. आत गेल्यावर माणूस नेहमीच्या सेशन कुकीवर फिरतो, आणि तिला बाहेर मालिका पुसल्याचं सोयरसुतक नसतं. म्हणून प्रत्येक सेशनवर ते कोणत्या मालिकेतून जन्मलं याची नोंद हवी आणि मालिकेबरोबर सेशनही मारायला हवं. एवढं करूनही सोमवार रात्र ते बुधवार सकाळ चोर आत होताच. ही युक्ती चोरी थांबवत नाही, उघडकीला आणते. आणि काका परत आलेच नाहीत, तर तेही नाही.

पायरी पाचवी: घंटेचा अभिमान बाळगा आणि सकाळी ९ ची वाट पाहा. काकांनी लॅपटॉप उघडला. ब्राउझरने कालचे चार टॅब पुन्हा उघडले. रात्रीतून सेशन संपलेलं, म्हणून चारही टॅबनी एकाच क्षणी ‘ट१’ पाठवलं. पहिला जिंकला, टेबलात ‘ट२’ बसलं. दुसरा टॅब ‘ट१’ घेऊन पोहोचला आणि सर्व्हरने बोंब ठोकली. काकांना ईमेल गेलं: आपल्या खात्यात चोर शिरला आहे. चोर म्हणजे काकांचाच पावत्यांचा टॅब. असा खोटा गजर लॉगमध्ये ओळखू येतो: दोन्ही विनंत्या एकाच आयपीवरून, एकाच ब्राउझरच्या, काही मिलिसेकंदांच्या अंतराने.

उपाय असा: टेबलात नव्या हॅशशेजारी आधीचा हॅश आणि बदलाची वेळ ठेवा. बदलानंतर मिनिटभर आधीचं टोकनही चालवून घ्या, पण त्यावर नवं टोकन देऊ नका, नुसतं सेशन द्या. ‘ट२’ पहिल्या टॅबबरोबर ब्राउझरमध्ये पोहोचलेलं असतंच. आणि बदल करताना आधी वाचून मग लिहू नका, एकाच वाक्यात करा:

```
UPDATE remember
SET prev_hash = token_hash, token_hash = :naya, rotated_at = now()
WHERE series = :s AND token_hash = :juna
```

बदललेल्या ओळींची संख्या १ आली तर तुम्ही पहिले, ० आली तर कोणी आधी येऊन गेलं. त्या मिनिटाचा फायदा चोरालाही मिळतो, हे मान्य करून पुढे जायचं. बोगद्यातल्या फोनवर मात्र पूर्ण इलाज नाही. मुंबईहून सुटलेली गाडी घाटात शिरते, विनंती पोहोचते, उत्तर वाटेत हरवतं. सर्व्हरकडे ‘ट२’, फोनमध्ये ‘ट१’, आणि लोणावळ्याला रेंज येईपर्यंत मिनिट उलटलेलं. म्हणून ईमेलमधला ‘चोर’ मी काढून टाकला. आता साइट म्हणते, “सुरक्षेसाठी पुन्हा लॉगिन करा.” गजर खरा असो वा खोटा, करायचं तेच असतं.

पायरी सहावी छोटी आहे. कुकी अशी द्या:

```
Set-Cookie: __Host-remember=म:ट; Max-Age=2592000;
  Path=/; Secure; HttpOnly; SameSite=Lax
```

प्रत्यक्षात हे एकाच ओळीत जातं आणि ‘म:ट’ च्या जागी खरी अक्षरं येतात. `HttpOnly` मुळे पानात घुसवलेल्या जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही, `Secure` मुळे ती फक्त एचटीटीपीएसवरून जाते. मुदत इथे ३० दिवस आहे. दहा वर्षांची लिहिलीत तरी क्रोम २०२२ पासून ४०० दिवसांच्या पलीकडे कुकी ठेवत नाही. तीच मुदत टेबलातही लिहा, कारण `Max-Age` ही ब्राउझरला केलेली विनंती आहे आणि चोराचा ब्राउझर ती पाळायला बांधील नाही.

पायरी सातवी: टोकनवर आत आलेला आणि पासवर्ड टाकून आलेला, दोघांना एकच मान द्या. आमच्याकडे टोकनवर आलेल्या माणसाला सोसायटीचं बँक खातंही बदलता यायचं. आता सेशनवर तो कसा आला याची खूण असते. बिल पाहायला टोकन पुरतं. खातं, ईमेल किंवा पासवर्ड बदलताना पासवर्ड पुन्हा विचारला जातो, आणि पासवर्ड बदलला की बाकीच्या सगळ्या मालिका जातात.

शेवटची चूक म्हणजे लॉगआउटवर ब्राउझरमधली कुकी पुसणं आणि टेबलातली ओळ विसरणं. ती मी सुधारली, पण काकांनी झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो चौकोन टिचकवून ठेवला होता आणि तिथे ते परत जाणार नव्हते. ती चोरीही नव्हती. दुकानाकडे स्वतःची अस्सल मालिका होती, त्यामुळे घंटा कधीच वाजली नसती. मग ‘तुम्ही कुठे कुठे लॉगिन आहात’ असं पान केलं: प्रत्येक मालिकेची एक ओळ, ब्राउझर, शेवटची भेट, समोर ‘काढून टाका’चं बटण.

काकांनी ते पान फोनवर उघडलं. पाच ओळी होत्या. त्यांनी दुकानाची काढली, मग संशय नको म्हणून एकेक करत पाचही काढल्या. दोन मिनिटांत फोन आला.

“अरे, ती मला परत पासवर्ड विचारतेय!”