हप्त्यांचे अण्णा

आमच्या कारखान्यात कोणी नवी मोटरसायकल घेतली की बाकीचे विचारतात, "ॲव्हरेज काय?" अण्णा विचारतात, "हप्ता कितीला?" आणि तो रकमेचा प्रश्न नसतो, तारखेचा असतो.

परवा वेल्डिंगच्या पोरानं मोठ्या हौसेनं सांगितलं, "पाच तारीख. माझा वाढदिवस पाचला ना!" अण्णांनी डबा बंद केला. जेवणावरची वासना उडाली म्हणजे प्रकरण गंभीर.

"पगार कितीला होतो रे?"

"सातला."

"कोण म्हणतं सातला? खातं दाखव."

मग सहा महिन्यांची नोंद कुंडलीसारखी तपासली गेली. कुठे सात, कुठे सहा, आणि एकदा नऊ. तेव्हा शनिवार-रविवार आडवे आले होते. पोरगं म्हणालं, "पण आता सुट्टीच्या दिवशीही पैसे जातात-येतात." अण्णा खूश झाले, असा विद्यार्थी त्यांना क्वचितच मिळतो. "बरोबर! ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारीही चालतं. म्हणून हप्ता रविवारी सकाळी कापायला येतो. पण पगाराची फाईल पाठवणारा आपला अकाउंटंट रविवारी सासुरवाडीला असतो!"

त्यांचा नियम साधा आहे. पगाराची सगळ्यात उशिराची तारीख धरायची, नेहमीची नाही. ती नऊ. मग नऊच का नको? कारण हप्ता बहुधा सकाळीच कापायला येतो आणि पगार संध्याकाळीही पडू शकतो. म्हणून तीन दिवस हाताशी ठेवून बारा. वीस-पंचवीसही नको, तोवर पगाराला किराणा, भाडं आणि मित्र भेटलेले असतात. मला हे पटतं, कारण माणूस पैसे संपवतो तो ठरवून नव्हे.

"पण एकदा हप्ता परत गेला तर काय होतं?"

"फायनान्सवाला दंड घेतो आणि आपली बँकही घेते. समज दोघांनी पाचपाचशे लावले. झाले हजार! त्यांनी पुन्हा कापायला टाकला आणि खातं रिकामंच असलं, तर पुन्हा तेच. शिवाय सिबिलला डाग."

तारीख बदलायला अण्णा स्वतः पोराबरोबर गेले. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं की बारा तारीख त्यांच्याकडे नाहीच. पाच, दहा आणि पंधरा एवढ्याच आहेत. अण्णांनी पंधरा घेतली. दहा दिवसांचं जादा व्याज लागणार म्हटल्यावर त्यांनी तिथंच हिशेब मांडला: एक लाख शिल्लक, बारा टक्के, म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये, सगळे मिळून तीनशे तीस. "बाउन्सपेक्षा स्वस्त," असं म्हणून त्यांनी नव्या मँडेटवर पोराची सही घेतली. वर त्याला बजावलं, "नवं मँडेट मंजूर झाल्याचा मेसेज येईपर्यंत चारच्या रात्री खात्यात पैसे ठेव. जुनं अजून जिवंत आहे."

गेल्या आठवड्यात त्याच पोरानं लग्नाची पत्रिका दिली. अण्णांनी वधूचं नाव वाचलंच नाही.

"आठ तारीख? लग्नाला येतो. आहेर नऊनंतर."